नकाशासोबत काहीच लिहिलं नव्हतं

माझ्या लेकीनं पुण्याहून एक नकाशा पाठवला होता आणि आमच्या घरातल्या तीन पुरुषांनी त्याचं जे केलं, त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे. बोलून दाखवायची सवय नाही म्हणून लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. पुढं शाळा सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. सामान बांधून आलेला कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय चुलीत घालत नव्हते. हे सांगायचं कारण, तो नकाशा मला वाचता आला नाही. त्यावर सगळं इंग्रजीत होतं. तेव्हा मला फार कळत होतं आणि बाकीच्यांना कळत नव्हतं, असा काही माझा दावा नाही. मला एवढंच वाटत होतं की जिनं पाठवलाय तिला विचारावं.

आमचं शिलाईचं दुकान. पेठेतल्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. मालक, म्हणजे पोरांचे वडील, कापायचे, शिवायचे, मी आतल्या उंबऱ्याशी बसून काज-बटण आणि हातशिलाई करायची. गिऱ्हाईक आलं की मी मान वर करत नसे. वीस वर्षं माझ्या हातची बटणं लावलेले सदरे घालून फिरणारी माणसं मला रस्त्यात ओळखत नव्हती, आणि मला त्याचं बरंच वाटायचं.

लेकीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तिला चिंचवडला दिली होती. जावई कंपनीत, घरी कॉम्प्युटर, सासू-सासरे बरोबर. माणसं चांगली. माझी लेक बी.ए. झालेली, बोलकी. माझ्यासारखी नाही. मोबाइल तिचा स्वतःचा नव्हता, घरातला फोन सासूबाईंच्या खोलीत. म्हणून ती भावाला मेल करायची. माझा मुलगा शिरोलीला एका कारखान्यात ऑफिसात होता. सुट्टीदिवशी तो नेटच्या दुकानात जाऊन मेल उघडायचा आणि घरी येऊन मला तोंडी सांगायचा. काय खाल्लं, कोण आलं, कुठली साडी नेसली, सगळं ती लिहायची. आणि शेवटी एक ओळ माझ्यासाठी असायची, 'आईला सांग पाय दुखत असले तर गरम पाण्यात मीठ घालून शेक.' असलं काहीतरी.

त्या वर्षी तिला दिवस गेले होते. पहिलंच. सातव्यात सासरी ओटी भरायची आणि मग माहेरच्यांनी न्यायला जायचं, हे ठरलेलंच होतं. म्हणजे कुणी बसून ठरवलं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय बैठक घेऊन ठरवायचं असतं? मी बाळंतिणीसाठी डिंक, खारीक आणून डब्यात भरून ठेवले होते. मालकांच्या चिंध्यांतनं मऊ तुकडे निवडून दुपटी शिवली होती.

एका सोमवारी दुकान बंद होतं. कारखान्यालाही सुट्टी होती. मुलगा नेटवरनं आला तो एक रंगीत कागद घेऊन.

"ताईनं पाठवलंय," म्हणाला.

"काय लिवलंय?" मी आतनं विचारलं.

"काय न्हाय. नुसता नकाशा हाय. स्क्रीनचा फोटो काढून जोडलाय. वर विषय न्हाय, खाली मजकूर न्हाय. मी प्रिंट काढून आणली."

मालकांनी कापायच्या टेबलावरचा सुताचा, चिंध्यांचा पसारा बाजूला सारला आणि कागद पसरला. मी मागून बघितलं. डावीकडं वरून खाली एक जाड पिवळा पट्टा, पांढऱ्या बारीक रेघा, एक निळी वळवळीत रेघ, कुठं कुठं हिरवा रंग, आणि उजवीकडं एक लाल फुगा. फुगा म्हणजे आपला जत्रेतला फुगा उलटा धरावा आणि खाली त्याला टोक यावं तसा.

तेवढ्यात माझे दीर आले. धाकटे दीर, त्यांची स्वतःची जीप होती. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला, गोव्याला, कुठंही भाडं मारायचे. रस्ता म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. त्यांनी कागद बघितला आणि चपला न काढताच टेबलाला येऊन टेकले.

"वैनी, च्या टाका. हे माझं काम हाय."

"तुझं कसलं?" मालक म्हणाले.

"कसलं म्हंजे? पोरीनं नकाशा धाडलाय. नकाशा कशाला धाडत्यात? या म्हणून. कसं यायचं ते बघा म्हणून. जावई नवीन फ्लॅट बघत होते की न्हाय? दिवाळीत बोलले नव्हते? घेतला बघा. हा फुगा म्हंजे नवीन घर."

हे सगळ्यांना पटलं. जावई दिवाळीत तसं बोलले होते, हे खरं. मलाही क्षणभर पटलं. पण मी म्हटलं, "मग ती तसं लिहील की. घर घेतलं म्हणून लिहायला तिला काय झालं?"

कुणी ऐकलं नाही. माझा आवाज तसा बारीकच.

दिरांनी बोट पिवळ्या पट्ट्यावर ठेवलं. "हा बेंगलोर हायवे. आपण सातारा, खंबाटकी, शिरवळ करत गेलो की कात्रजचा जुना घाट चढायचाच न्हाय. नव्या बोगद्यातनं बायपास धरायचा. वारजे, चांदणी चौक, पुढं नदीवरचा पूल. ही निळी रेघ म्हंजे ती नदी. पूल झाला की वाकड. तिथं खाली उतरायचं आणि उजवीकडं घुसायचं. सरळ फुग्याखाली गाडी लावतो का न्हाय बघ."

"लांब किती पडतंय ते सांग आधी," मालक म्हणाले.

"ते कशाला? गाडी माझी हाय."

"पोरीला तसल्या दिवसात हायवेवरनं रिक्षानं जायचं म्हंजे किती हादरे बसत्यात, ते कळाय नको? ती अंतर विचारत्याय."

माझ्या मालकांना प्रत्येक गोष्ट मापात लागायची. त्यांनी खालच्या कोपऱ्यातली काळी पट्टी दाखवली. मुलानं सांगितलं की ती पट्टी म्हणजे नकाशावरचा एक किलोमीटर. मग त्यांनी रिळाचा पांढरा दोरा घेतला, हायवेपासून फुग्याच्या टोकापर्यंत रस्ता जसा वळला होता तसा दोरा वळवत, अंगठ्यानं दाबत दाबत नेला, तिथं कात्रीनं तोडला, आणि सरळ करून त्या काळ्या पट्टीवर घड्या घालून मोजला. बाह्यांचं वळण मोजतात तसं. "तीन किलोमीटर आणि वर थोडं," म्हणाले. "टेपनं सरळ मापलं तर कमी येतंय, पण माणूस काय कावळा न्हाय सरळ उडायला."

काम चोख होतं. मी ते नाकारत नाही. चोख होतं म्हणूनच तर राग येतो.

मुलगा म्हणाला, "बाबा, ती अंतर कशाला विचारेल? तिच्याकडं कॉम्प्युटर हाय, तोच सांगतोय अंतर. तिला ह्या खुणा कळल्या नसतील. मी सांगतो तिला. पिवळा म्हंजे मोठा रस्ता, पांढरे म्हंजे आतले, हिरवं म्हंजे बाग न्हायतर मोकळं रान. फुग्याचं टोक टेकतं ती जागा, फुगा जिथं दिसतो ती न्हवे. आणि हा चौकोनात एच हाय न्हवं, तो दवाखाना."

"कुठं हाय दवाखाना?"

"हा काय, फुग्याच्या बुडाशीच. अर्धा झाकलाय."

"बघ," मालक म्हणाले, "दवाखान्याला लागून घर बघितलंय. जावई शहाणा माणूस."

"आणि हा भाग कुठला?" दिरांनी विचारलं. "वाकडच की."

"न्हाय काका, हितं थेरगाव लिवलंय."

"लिवणाऱ्याला काय ठावं? मी गाडी घेऊन गेलतो. ते वाकडच."

"अहो छापलंय."

"छापू दे की. मी सांगतो न्हवं? ती हद्द वाकडची."

यावर चहा थंड होईपर्यंत भांडण. थेरगाव की वाकड. जणू ह्यांच्याच वाटणीतली जमीन होती. मी कप उचलायला गेले आणि दुसऱ्यांदा बोलले. "तिला फोन करून विचारा की, कशाला पाठवला म्हणून."

मालक म्हणाले, "फोन उचलणार विहीणबाई. त्यांना काय सांगायचं, नकाशा कळला न्हाय म्हणून? मुलीकडच्यांनी सारखा फोन केलेला बरा दिसतो का?"

"आई, तू गप की. साधा नकाशा हाय," मुलगा म्हणाला.

मी कप घेऊन आत गेले. तेव्हा माझ्या मनात वाईटसाईट काही नव्हतं. फक्त एवढं वाटत होतं की रोज भाजी काय केली ते लिहिणारी मुलगी आज एक अक्षर लिहीत नाही, तर त्या न लिहिण्याबद्दल विचारायला हवं. त्या कागदावरच्या सगळ्या खुणा ह्यांनी वाचल्या. कागदावर जे नव्हतं, ते वाचायला इंग्रजी लागत नव्हतं आणि दोराही लागत नव्हता. पण त्याची कुणाला गरजच वाटली नाही.

त्याच संध्याकाळी तिघं मिळून नेटवर गेले. उत्तर द्यायला तिघं. मुलगा टाइप करणार, दीर सांगणार, मालक सुधारणार. तिथं मराठी अक्षरं नव्हती, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. परत आल्यावर मुलानं मला वाचून दाखवलं, कौतुकानं. नकाशा मिळाला. रस्ता समजला. नव्या बोगद्यातनं बायपासनं येऊ, वाकडच्या पुलाखाली वळू. हायवेपासनं तीन किलोमीटर आहे. एच म्हणजे दवाखाना. आम्ही सगळे जीपनं येऊ. आणि शेवटी मालकांनी स्वतः घातलेलं वाक्य: दवाखाना जवळ आहे हे चांगलं.

"तिला कशी हाय विचारलं का?" मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "ते काय विचारायचं," दीर म्हणाले, "मजेत असणार. नवीन घर घेतलंय."

पुढच्या सुट्टीला मुलगा मेल बघून आला. तिचं उत्तर आलं होतं.

"काय म्हणती?"

"बरं, एवढंच लिवलंय."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजे बरं. कळलं तिला."

माझ्यासाठीची ओळ नव्हती. पायांची नव्हती, कशाचीच नव्हती. त्या दिवशी मी एका सदऱ्याची काजं उलट्या बाजूला केली. मालकांनी उसवायला लावली आणि विचारलं, लक्ष कुठं आहे. मी म्हटलं, चिंचवडला.

दोन दिवस मी वाट बघितली की ह्यांच्यापैकी कुणाला तरी काही खटकेल. दीर गोव्याचं भाडं घेऊन गेले. मालकांकडं लग्नसराईची घाई. तिसऱ्या दिवशी मी दळणाचा डबा घेऊन बाहेर पडले, डबा गिरणीत ठेवला आणि शेजारच्या एसटीडीच्या काचेच्या खोलीत शिरले. आयुष्यात मी स्वतः कधी फोन लावला नव्हता. लावलेला फोन हातात मिळायचा आणि मी 'हं, हं' करायची. नंबर एका चिठ्ठीवर होता. मी बूथवाल्याला चिठ्ठी दिली. तो म्हणाला, "मावशी, हितनं दाबा की," आणि माझं तोंड बघून त्यानंच दाबला.

विहीणबाईंनी उचलला. मी माझं नाव सांगितलं तर त्यांना आधी कळेचना, मी कधी बोललेच नव्हते.

"अय्या, तुम्ही? सगळं ठीक आहे ना तिकडे?"

"ठीक आहे. लेकीशी बोलायचं होतं."

"देते की. आणि बरं झालं हो तुम्ही समजून घेतलंत. मला जरा धाकधूक होती. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तुम्ही हट्ट धराल वाटलं होतं. पण तुमच्याकडून लगेच उत्तर आलं, दवाखाना जवळ आहे हे चांगलं, आम्ही सगळे येऊ. इतकं मोकळं मन कुणाचं असत नाही."

काचेबाहेर गिरणीचा पट्टा फिरत होता.

"कुठला दवाखाना?" मी विचारलं.

"अहो, नकाशा पाठवला ना? तोच. नाव घातलंय तिथं. डॉक्टरीणबाई फार चांगल्या आहेत, आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तुम्ही सगळा रस्ताच लिहून पाठवलात, तेव्हाच म्हटलं, चला, पसंत पडलं."

तेव्हा मला कळलं. घर नव्हतंच ते. लाल फुग्याचं टोक दवाखान्यावर टेकलं होतं. तिच्या सासरच्यांनी बाळंतपण तिकडंच करायचं ठरवलं होतं आणि जागा आम्हाला कळवायला नकाशा आला होता. आणि आमच्या तिघा हुशारांनी, न विचारलेल्या रस्त्याचं, न विचारलेल्या अंतराचं आणि न विचारलेल्या खुणांचं उत्तर देऊन, वर शाबासकी देऊन, माझी लेक आपल्या हातानं तिकडं ठेवून टाकली होती. मला एका शब्दानं न विचारता. तिलाही न विचारता.

विहीणबाईंचा मला राग आला नाही. त्यांना मिळालेल्या उत्तराचा जो अर्थ कुणीही घेतला असता, तोच त्यांनी घेतला.

"तिला द्या," मी म्हटलं.

"आई?"

तिचा आवाज ऐकला आणि बाकीचं बोलायचं राहिलं. जेवली का, पाय सुजतात का, काहीच विचारलं नाही. मी एकच विचारलं. "तुला कुठं यायचंय? तिथंच राहायचंय की इकडं यायचंय?"

सासूबाई तिथंच असणार. मी थांबले. फोनचं मीटर पळत होतं, बूथवाला माझ्याकडं बघत होता.

"तुला तिथं बरं वाटत असलं तर तिथंच राहा. मी येऊन राहते. पण तुझ्या तोंडानं सांग."

"तिकडं," ती म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "मला तिकडं यायचंय."

"विहीणबाईंना दे."

त्या आल्या. मी म्हटलं, "विहीणबाई, आमच्याकडनं जे लिहून आलं, ते नवं घर समजून लिहिलेलं. दवाखाना आम्हाला माहीतच नव्हता. ओटी भरली की मी न्यायला येते."

"अहो, पण आता नाव घातलंय तिथं."

"काढा."

हा शब्द मी उच्चारला, यावर माझा स्वतःचा विश्वास बसेना. पुढं मी सावरून म्हटलं की डॉक्टरीणबाईंना विचारा, त्या प्रवास नको म्हणाल्या तर मी ऐकीन, पण त्या हो म्हणाल्या तर लेक माझ्याकडं येईल. विहीणबाई म्हणाल्या, "विचारते." आवाज थंड पडला होता. पडणारच. माणसाला आधी हो म्हणायचं आणि मग काढा म्हणायचं, कुणाला आवडेल?

दळण तसंच गिरणीत राहिलं. मी घरी आले. दुकानात मालक कापत होते, दीर गोव्याहून येऊन सुपारी कातरत बसले होते, मुलगा नुकताच कामावरनं आला होता. दोन गिऱ्हाइकं होती. एरवी मी मागच्या बोळातनं आत गेले असते. मी पुढच्या दारानंच आत आले.

"ते घर न्हवं. तो दवाखाना हाय," मी म्हटलं. "पोरीला बाळंतपणाला तिकडंच ठेवून घेणार हायत. आणि तुम्ही 'चांगलं' म्हणून लिहून दिलंय."

मालकांची कात्री कापडातच थांबली. गिऱ्हाइकं एकमेकांकडं बघायला लागली.

"कोण म्हणतं?"

"विहीणबाई. मी फोन केला."

"तू?"

"मी."

दीर म्हणाले, "पण वैनी, रस्ता तर बरोबरच सांगितला की आम्ही."

मला त्यांचं हे वाक्य आजही तसंच्या तसं आठवतं. पोरगी गमावल्यासारखी मी उभी, आणि ह्यांना रस्त्याचं पडलंय. मुलगा म्हणाला, "एच म्हंजे दवाखाना, हे मी सांगितलं होतं." मालक म्हणाले, "आणि अंतरात चूक न्हाय." तिघं तीन दिशांनी आपापलं उत्तर धरून बसले. ज्याचं उत्तर दिलं ते बरोबर होतं, म्हणजे आपण बरोबर.

"तिनं विचारलं होतं का रस्ता?" मी म्हटलं. "तिनं विचारलं होतं का अंतर? थेरगाव का वाकड, हे तिला पायजे होतं? तिनं काही विचारलंच न्हवतं. मग तुम्ही तिला विचारायचं की न्हाय, बाई, हे काय धाडलंस? मी दोनदा म्हटलं. दोनदा. तुम्हाला ऐकू आलं न्हाय, का ऐकून घ्यायचं न्हवतं?"

"अगं, गिऱ्हाइकं हायत," मालक हळू म्हणाले.

"असू देत. त्यांनाबी लेकी असतील."

एक गिऱ्हाईक, म्हातारा माणूस, "येतो पावणं, उद्या येतो," म्हणून चपला घालून गेला. दुसरा बसूनच राहिला, त्याला ऐकायचं होतं.

मालकांची अडचण वेगळीच होती. ते म्हणाले, "आता शब्द दिल्यासारखं झालंय. मागं कसं फिरायचं? व्याह्यांना काय तोंड दाखवायचं?"

"तोंड माझं दाखवते. मी सांगून टाकलंय न्यायला येते म्हणून. पण तुम्ही व्याह्यांना फोन करा आणि सांगा, चूक आमच्याकडनं झाली. नकाशा वाचला, पण विचारलं न्हाय."

"असं कसं सांगायचं?"

"जसं झालं तसं."

त्यांनी दोन दिवस लावले. त्या दोन दिवसांत मी एकाही सदऱ्याला बटण लावलं नाही. ढीग साठला. भांडले नाही, रडले नाही, जेवण वेळेवर वाढलं, पण सुई हातात घेतली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येऊन बसलं आणि त्याचा सदरा बिनबटणाचा खुंटीवर दिसला, तेव्हा मालकांनी मुलाकडनं मोबाइल मागितला. मी आतनं ऐकत होते. "चूक आमचीच," असं ते म्हणाले, जरा घोगऱ्या आवाजात. मग बराच वेळ 'हो, हो'. डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती, फक्त सावकाश न्या म्हणाल्या होत्या. व्याही समजूतदार. सासूबाईंच्या मनात अढी राहिली, ती पुढं कितीतरी दिवस राहिली, आणि ती माझ्या लेकीला निस्तरावी लागली. ते कुणाच्या खात्यावर लिहायचं? मी तर ते त्या तिघांच्याच डोक्यावर ठेवते.

ओटी भरायला आम्ही गेलो. मी, मालक आणि जीप चालवायला दीर. ते बोगद्यातनं गेले, बायपासनं गेले, सगळं जसं टेबलावर बोट फिरवून सांगितलं होतं तसं. वाटेत ते दोनदा म्हणाले की बघा, तंतोतंत. मी मागं बसून खिडकीतनं बघत राहिले.

विहीणबाईंनी सगळं रीतसर केलं, पण माझ्याशी मोजकं बोलल्या. मी त्यांचे हात धरले आणि म्हटलं, बाळ झालं की पहिला फोन तुम्हालाच. त्यांनी मान हलवली.

परत येताना लेक माझ्या शेजारी होती, पाठीला दोन उशा. गाडी शहराबाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, "काहीच का लिहिलं नव्हतंस?"

ती हळू बोलली, पुढच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्यांनीच नकाशा काढला, ह्यांनीच जोडला. मी शेजारी उभी होते. म्हणाले, खाली काय लिहू? मी म्हटलं, काही नको. ते असताना मी काय लिहिणार, मला न्या म्हणून? मला वाटलं, नुसता नकाशा बघून तुम्ही लोक घाबराल. कुणीतरी फोन करेल, हे काय म्हणून. मग मला बोलायला येईल." तिनं पाठीची उशी सरकवली. "मग काकांचं उत्तर आलं. ते ह्यांनी मोठ्यानं वाचलं. सगळे हसले, छान म्हणाले. मग मी काय बोलणार?"

मी तिच्या पोटावरचा पदर सारखा केला.

खंबाटकी उतरून एका ठिकाणी चहाला थांबलो. दीर सकाळपासनं खुशीत होते. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला, आणि लेकीला म्हणाले, "काय गं, माझा रस्ता बरोबर होता का न्हाय? एकदाबी गाडी मागं घ्यावी लागली न्हाय."

"बरोबर होता काका," ती म्हणाली. "पण मला तिथं जायचंच न्हवतं."

दिरांनी बशी तोंडाशी नेली होती ती तशीच खाली ठेवली. मालक उठून बिल द्यायला गेले, अजून कुणाचा चहा संपला नव्हता तरी. मी लेकीला म्हटलं, चहा पी, थंड होईल. आणि ती मोठे घोट घेत प्यायली.